फ्रोझन शोल्डर: दुखणं कमी, पण खांदा आखडलेला. ताण कधी वाढवावा?

वय ५२, दहा वर्षांपासून मधुमेह, एचबीए१सी ८.१. डावा खांदा सात महिन्यांपासून धरलाय. एक्स-रे नॉर्मल आहे. पहिले चार महिने रात्री झोप लागत नव्हती. आता ठणका ओसरलाय, पण हात पाठीमागे जात नाही आणि कोपर अंगाला टेकवून बाहेर वळवला तर जेमतेम १० अंश वळतो. दुसऱ्याने वळवला तरी तेवढाच.

शेकून झाल्यावर पेंड्युलम आणि भिंतीवर बोटं चढवणं रोज करतो. मध्यंतरी जोर लावून ताणलं, तर दोन दिवस ठणका परतला. स्टेरॉइडचं इंजेक्शन साखर वाढेल म्हणून टाळलंय.

मधुमेह असलेल्यांनी सांगावं: आखडलेल्या टप्प्यात काठीने बाहेर वळवण्याचा ताण किती दुखेपर्यंत द्यायचा, आणि हात बाहेर वळायला तुम्हाला किती महिने लागले?