उत्तर: सायकल की होडी?

> 'बस, रिक्षा, होडी, सायकल' यात वेगळा शब्द मुलीने 'सायकल' सांगितला, उत्तरसूचीत 'होडी' आहे. चूक धरायची का?

लगेच चूक धरू नका, आधी कारण विचारा. ती म्हणाली, 'सायकलला इंजिन नसतं', तर वल्ह्याच्या होडीलाही नसतं, म्हणजे हे कारण दोन शब्दांना लागू होतं आणि टिकत नाही. 'सायकल पायाने चालवतात' म्हणाली, तर ते एकटीलाच लागू होतं. पण तेवढ्यावरही थांबू नका. उरलेल्या तिघांत काय सारखं आहे, ते तिला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'रिक्षाला तीन चाकं' हेही खरंच आहे, पण उरलेल्या बस, होडी आणि सायकलमध्ये चाकांवरून काहीच जुळत नाही. होडी काढली की मात्र तिन्ही रस्त्यावर चालणारी वाहनं उरतात. हे ती स्वतः बोलली की उत्तर पाठ करावं लागत नाही.

तुम्हीच संच तयार करणार असाल, तर सायकलच्या जागी ट्रक घाला, बराचसा घोळ मिटेल. नंतर हेच शब्द सायकलसकट आधी 'रस्त्यावर, पाण्यात' असे आणि मग 'इंजिन असलेली, नसलेली' असे लावायला द्या. होडी आणि सायकल एका गटात आलेल्या बघून मुलं हमखास वाद घालतात. घालू द्या.

भावनांच्या शब्दांत मात्र जपा. 'आनंदी, दुःखी, घाबरलेली, राग' यात मूल अर्थ न समजताही नुसत्या शब्दाच्या रूपावरून 'राग' निवडतं. त्यापेक्षा 'राग, भीती, आनंद, भूक' द्या.