अनुभव धागा: नरकासुर नेमका कुणी मारला? सणाची कथा लिहिताना

निवेदिका: आमच्या दिवाळी पहाटेचं चार मिनिटांचं निवेदन मी लिहिते. पहिल्या वर्षी लिहिलं, "नरकासुराला श्रीकृष्णाने मारलं, म्हणून आपण अभ्यंगस्नान करतो." कार्यक्रमानंतर शेजारच्या तमिळ आजींनी विचारलं, "आणि सत्यभामा कुठे गेली?" त्यांच्या गोष्टीत ती भूदेवीचा अवतार, म्हणजे नरकासुराची आईच. कृष्णाला मूर्च्छा येते आणि बाण ती सोडते. पुढल्या वर्षी मी घाबरून वाक्यागणिक "असं म्हणतात" घातलं, तर मुलं जांभया द्यायला लागली. तुम्ही काय करता? अनुभव लिहा.

शमी: मी एकदाच, अगदी सुरुवातीला सांगते: "महाराष्ट्रात घरोघरी सांगतात ती गोष्ट अशी." मग बिनधास्त गोष्ट. नरकासुराने पळवलेली अदितीची कुंडलं, कैदेतल्या सोळा हजार स्त्रिया, सगळं. फक्त युद्धाशी आल्यावर थांबते: "इथे तमिळनाडूतली आजी वेगळं सांगेल, तिच्या गोष्टीत बाण सत्यभामेचा." आणि लगेच परत आपल्या गोष्टीत. फाटा फुटतो तिथेच सांगावा. "इतर प्रांतांत वेगळ्या कथा आहेत" हे शेवटी टाकलं, तर तोवर लोक फराळाकडे वळलेले असतात.

वाचनवेडा: पण सत्यभामेची कथाच मूळ आहे ना? भागवतात ती आहे. तीच सांगा, वाद मिटला.

शमी: भागवतात ती आहे, हे बरोबर. दशम स्कंधाच्या 59व्या अध्यायात ती कृष्णासोबत गरुडावर बसून जाते. पण शिर उडतं ते कृष्णाच्या चक्राने, आणि भूदेवी त्यानंतर कुंडलं घेऊन येते. म्हणून "मूळ कथा" हे शब्द मी संहितेत येऊच देत नाही.

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात निवेदन लागतच नाही हो! रात्रभर नरकासुराचे पुतळे मिरवतात आणि पहाटे जाळतात. मग तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडायचं. त्याची कडू बी जिभेला लागली की लहानपणी मी रडायचे.

पणती: निवेदिकाताई, मला तुमचा "म्हणून" खटकला. कोलकात्यात होते तेव्हा ह्याच तिथीला, भूतचतुर्दशीला, शेजारी चौदा दिवे लावायचे, चौदा पूर्वजांसाठी. तिथे नरकासुराचं नावही निघालं नाही. मी आता लिहिते, "त्या विजयाची आठवण म्हणून आपल्याकडे पहाटे स्नान करतात." "आपल्याकडे" हा शब्द पुरतो.

निवेदिका: हे आजच बदलते.

ब्रह्मपुत्र: मी गुवाहाटीत नोकरी केली. नरकासुराचं प्राग्ज्योतिषपूर तिथलंच मानतात. सातव्या शतकातला कामरूपचा राजा भास्करवर्मा स्वतःला नरकाचा वंशज म्हणवायचा. तुमच्या श्रोत्यांत एखादं आसामी कुटुंब असेल, तर "दुष्ट, क्रूर राक्षस" म्हणताना जरा विचार करा.

शमी: चार मिनिटांत हा दुसरा फाटा मावणार नाही. मुलांना खलनायक हवाच.

ब्रह्मपुत्र: खलनायक ठेवा की. एक वाक्य तरी घाला.

निवेदिका: घालून पाहिलं. गोष्ट तिथेच अडते आहे. अजून कुणी हे मुलांना सांगितलं असेल, तर वाक्य जसंच्या तसं इथे लिहा.