मदत हवी आहे: एकाच कीवर्डला तीन टूल्स तीन आकडे दाखवतात, कोणता धरायचा?

देवगडची_लेक
नमस्कार मंडळी. आमची देवगडला हापूसची बाग आहे आणि यंदा पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायच्या म्हणून साइट केली आहे. "devgad alphonso mango online" या कीवर्डवर पान लिहायचं आहे. एचरेफ्सच्या मोफत तपासणीत डिफिकल्टी 4 आली, म्हणजे अगदी सोपं. मॉझमध्ये 37. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये कॉम्पिटिशन थेट High! देश सगळीकडे भारतच निवडला होता. पान लिहायला घेऊ की दुसरा कीवर्ड शोधू?

पेठेतला_पक्या
High असेल तर क्लिकचा भाव चढा असणार. रोजचं बजेट किती आहे ताई? आधी थोड्या पैशात जाहिरात चालवून बघा.

देवगडची_लेक
जाहिरात नाही करायची हो, साध्या निकालांत वर यायचं आहे.

निनाद_एसईओ
मग प्लॅनरचा High बाजूलाच ठेवा. त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात, एवढंच तो सांगतो. हापूसवर हंगामात सगळेच जाहिरात करतात. साध्या निकालांशी त्याचा संबंध नाही.
उरलेल्या दोन्हींचं मी सरळ सरासरी काढतो. 4 आणि 37, म्हणजे साधारण 20. चालेल.

शोधयात्री
निनाद, प्लॅनरचं बरोबर सांगितलंत, पण सरासरी काढू नका. दोघे वेगवेगळी गोष्ट मोजतात. एचरेफ्स पहिल्या दहा निकालांतल्या *त्या त्या पानाला* किती वेगळ्या साइट्सवरून लिंक आहेत ते बघतो. मॉझ त्या पानांची आणि त्यांच्या *अख्ख्या साइटची* ताकद धरतो. शिवाय एचरेफ्सची पट्टी सरळ चढत नाही. त्यांच्याच अंदाजाने 30 ला साधारण 36 साइट्सच्या लिंक लागतात, 60 ला 129 आणि 90 ला 756. अशा पट्टीवरच्या 4 मध्ये दुसऱ्या पट्टीवरचे 37 मिळवून काय हाती लागणार?
ताई, खाजगी विंडोत हा शब्द शोधा आणि पहिल्या दहात कोण आहे ते इथे लिहा.

देवगडची_लेक
पाहिलं. पाच पानं मोठ्या ऑनलाइन दुकानांची आणि किराणा ॲपवाल्यांची. तीन आमच्यासारख्या बागायतदारांची. एक बातमी, एक ब्लॉग.

शोधयात्री
मग कोडं सुटलं. त्या पाच दुकानांच्या आंब्याच्या पानाला बाहेरून कोणी लिंक देत नाही, म्हणून एचरेफ्सला मैदान रिकामं दिसतं. पण त्यांच्या साइटचं वजन प्रचंड, म्हणून मॉझचा आकडा वर जातो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत.
तुमच्या कामाची ती तीन बागायतदार पानं. एचरेफ्सच्या मोफत बॅकलिंक तपासणीत एकेक टाका. पानाला किती साइट्सच्या लिंक, आणि अख्ख्या साइटला किती, हे दोन्ही लिहून घ्या. त्यांच्या साइट्स तुमच्याएवढ्याच लहान असतील तर जागा मिळू शकते. दहा-बारा वर्षं जुन्या आणि भरपूर लिंक असलेल्या निघाल्या, तर 4 हा आकडा तुमच्यासाठी 4 नाही.

अश्विनीची_पाकशाळा
माझंही असंच झालंय. उकडीच्या मोदकांच्या एका कीवर्डला डिफिकल्टी 0 होती. पान छान लिहिलं, फोटो काढले, तरी ते दुसऱ्या पानावरच अडकलंय. वर सगळे व्हिडिओच व्हिडिओ. मग 0 चा उपयोग काय?

शोधयात्री
अश्विनीताई, लोकांना तिथे वाचायचं नाही, कळ्या कशा पाडतात ते बघायचं आहे. लिंक मोजून हे कळत नाही. देवगडच्या ताईंनीही हे तपासावं: वर विक्रीची पानं आहेत, तर "हापूसची माहिती" छापाचा लेख तिथे चालायचा नाही. पेटीचा भाव, फळांची संख्या, पाठवणी कुठे होते, हे पानावर हवं.

देवगडची_लेक
तीन्ही पानं तपासली. दोघांच्या पानाला एकही लिंक नाही आणि साइटही लहान. तिसरी साइट मोठी आहे. म्हणजे लिहायला घेते. एक विचारू? "देवगड हापूस ऑनलाइन" असं देवनागरीत टाकलं तर एकात 0 आला आणि दुसऱ्यात आकडाच नाही.

निनाद_एसईओ
आकडा नाही म्हणजे कोणी शोधत नाही. सोडून द्या.

शोधयात्री
तसं नाही. आकडा नाही म्हणजे टूलकडे त्या शब्दाची माहिती नाही, एवढंच. मराठी पानांना लिंक कमीच मिळतात, त्यामुळे 0 भरपूर दिसतील. पानात एक मराठी परिच्छेद घाला आणि काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये तो शब्द किती वेळा दिसला ते बघा.

अश्विनीची_पाकशाळा
पण मराठीसाठी वेगळं पान करावं की त्याच पानात घालावं? मी दोन्ही करून पाहिलं, मला फरक कळला नाही.

शोधयात्री
माझंही याबाबत पक्कं मत नाही. कोणी विक्रीच्या पानावर करून पाहिलं असेल तर लिहा.