अंतरा इंजेक्शन आणि इम्प्लांट: पाळीचं काय होईल हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का?

सुरुवात माझ्यापासून करते. मी नागपुरात सक्करदऱ्याला राहते. मुलगी पाच महिन्यांची असताना सरकारी दवाखान्यात पाळणा लांबवायला अंतराचं पहिलं इंजेक्शन घेतलं. सांगण्यात एवढंच आलं, "पाळी थोडी मागेपुढे होईल." बाराव्या दिवशी डाग सुरू झाले ते ३४ दिवस. दिवसाला दोन पॅड, तेही पूर्ण न भिजलेले. मधेच महालक्ष्म्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, बाजूला बस. घरात महालक्ष्म्या आणि मी दाराशी, ते दुःख मला रक्तापेक्षा जास्त झालं.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गरोदरपणाची तपासणी केली, आतून तपासलं, हिमोग्लोबिन १०.२ निघालं. मेफेनॅमिक ॲसिड पाच दिवस आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं, नऊ दिवसांनी परत डाग. दुसऱ्या इंजेक्शननंतर डाग कमी झाले आणि चौथ्यानंतर पाळी बंदच. तेव्हा वाटलं, दिवस गेले! तेही कोणी सांगितलं नव्हतं. तुमचे अनुभव लिहा.

इतवारीची वहिनी: माझंही अस्संच झालं होतं. सोपा उपाय आहे, पुढचं इंजेक्शन महिनाभर आधी घ्यायचं, थांबतं. माझं थांबलं. मला तर वाटते, तीन महिन्यांत सगळ्यांचंच थांबते.

निवृत्त परिचारिका, मानेवाडा: वहिनी, तुमचं थांबलं ते बहुधा आपोआपच थांबायच्या बेतात होतं. तारखेच्या दोन आठवडे आधीपर्यंत इंजेक्शन देता येतं, पण रक्त थांबवायचा तो इलाज नाही. तीन महिन्यांचंही तसंच, कोणाचे डाग जास्त दिवस चालतात. वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या साधारण निम्म्या बायांची पाळी बंद होते.

मी सुई टोचायच्या आधी बाईला विचारायची, "डाग पडले तर तुला घरात बाजूला बसावं लागतं का? महिन्यातले किती दिवस चालतील?" मग समजावायची की या औषधानं गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ होतं, त्यातल्या बारीक नसा नाजूक होतात म्हणून अवेळी डाग. पुढे अस्तर वाढतच नाही म्हणून पाळी येत नाही. घाण रक्त पोटात साचत नाही. आणि एक गोष्ट दोनदा सांगायची: इंजेक्शन एकदा दिलं की परत काढता येत नाही. बंद केल्यावरही दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सरासरी नऊ-दहा महिने लागतात. लवकर दुसरं मूल हवं असणाऱ्या बाईला हे आधी कळायलाच हवं.

इम्प्लांट म्हणजे दंडातली सळी मात्र कधीही काढता येते. पण तिच्यात पाळी कशी राहील याचा नेम नाही. पाचांतल्या एकीची बंद होते, बाकीच्यांची विरळ, लांबलेली किंवा वारंवार. पहिल्या तीन महिन्यांवरून थोडा अंदाज येतो. तेव्हा पाळी बिनत्रासाची असेल तर बहुधा तशीच राहते, त्रासाची असेल तर साधारण निम्म्या जणींना पुढे बरं वाटतं.

धंतोलीहून: मला तांबी बसवल्यावर खूप रक्त जायचं, गाठी पडायच्या. म्हणून सांगते, काहीच बसवू नका.

निवृत्त परिचारिका: ताई, तांबीत हार्मोन नसतं, तिचं रक्त वेगळ्या कारणानं वाढतं. तो अनुभव सळीला लागू होत नाही.

हिंगण्याहून (मी नवरा आहे): बायकोच्या दंडात सळी आहे. आता टीबीची औषधं सुरू झाली आणि दोन महिन्यांपासून डाग पडत आहेत. आम्ही सळीमुळेच समजत होतो.

निवृत्त परिचारिका: दादा, थांबू नका. रिफाम्पिसिननं सळीचं औषध शरीरात लवकर संपतं. गर्भाची शक्यता तपासून घ्या, आणि दुसरा उपाय सुरू होईपर्यंत निरोध वापरा. टीबीची गोळी मात्र सोडायची नाही. अंतराला या गोळ्यांनी फरक पडत नाही, तो पर्याय डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांनीही ध्यानात ठेवा: तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, पोटात जोरात दुखत असेल, किंवा बरेच दिवस पाळी नीट चालून अचानक रक्त सुरू झालं, तर इंजेक्शनचंच असेल म्हणून घरी बसू नये.

बुटीबोरीहून: मी सात महिन्यांनी सळी काढायला गेले तर म्हणाले, "तीन वर्षांची आहे, अजून थांब." तीनदा गेले. रोज डाग पडत होते, कामावर आठ तास उभं राहायचं. चौथ्यांदा दुसरीकडे जाऊन काढली. बसवतानाच "नको वाटली तर ये, काढून देऊ" हे कबूल करून घ्या.

धागाकर्ती: परिचारिका ताई, एक विचारते. सासूला आधीच सांगितलं असतं तर माझ्या महालक्ष्म्या वाचल्या असत्या का?

निवृत्त परिचारिका: तुझी सासू ऐकणारी असेल तर, हो. पण माझ्याकडे घरी कळू न देता इंजेक्शन घेणाऱ्याही यायच्या. त्यांना महिनाभर डाग पडले की घरी काय सांगायचं, याचं उत्तर मला कधी नीट सापडलं नाही.