मदत हवी आहे: रेसिपीच्या व्हिडिओत वर्णन बसवायचं कुठे?

आईच्या पुरणपोळीचा सहा मिनिटांचा व्हिडिओ केलाय. शेजारच्या काकांना ऐकू येत नाही, मावशीला काचबिंदूमुळे अंधुक दिसतं. म्हणून आधी त्या दोघांनाच दाखवला.

काकांनी लगेच पकडलं, आपोआप आलेल्या कॅप्शनमध्ये ‘कणीक’चं ‘गणित’ झालं होतं! सगळा मजकूर हाताने दुरुस्त केला, ‘[कुकरची तिसरी शिट्टी]’ हेही लिहिलं. पांढरी अक्षरं पिठावर विरून जात होती, त्यांच्यामागे गडद काळी पट्टी टाकली. काका खूश.

अडलंय ते मावशीपाशी. आई म्हणते, ‘हे एवढं घ्यायचं, मग असं करायचं.’ मावशी विचारते, ‘एवढं म्हणजे केवढं गं?’ मी वर्णन वेगळं रेकॉर्ड केलं, पण ‘लिंबाएवढी कणीक, त्याच्या दुप्पट पुरण’ म्हणायला चार सेकंद लागतात आणि आई मध्ये श्वाससुद्धा घेत नाही.

अशा ठिकाणी चित्र थांबवून वर्णन घालावं, की आईकडूनच ती वाक्यं नीट बोलवून घ्यावीत? चित्र थांबवलं की पुढच्या सगळ्या कॅप्शनच्या वेळा सरकतात, मग .srt फाइल पुन्हा जुळवा. आणि आई दुसऱ्यांदा बोलायला लागली की एकदम बातम्या वाचल्यासारखी बोलते. कुणी केलंय का असं काही?