एकाच कॅमेऱ्यातील पथनाट्य: चौकट कापून अनेक कोन भासवावेत काय?

पांदणवाट: आर्वी तालुक्यातील एका गावी आठवडी बाजारात आमच्या चमूने सावकारीवरील पथनाट्य केले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकच कॅमेरा स्थिर ठेवून सत्तावीस मिनिटांचे ४के चित्रण झाले आहे. १०८० च्या टाइमलाइनवर तेच जागोजागी मोठे करून दोन-तीन कॅमेरे असल्याचा भास निर्माण करावा काय? प्रीमियरमध्ये दीडपट केले तरी चित्र धूसर होते, ते का?

गव्हाळ: ४के मध्ये १०८० च्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे चौपट मोठे करण्यास हरकत नसावी. दीडपटीतच धूसर होत असेल तर मुळात फोकसच चुकला असणार.

बोरधरण: पिक्सेल चौपट असतात हे खरे, पण ते रुंदीत दुप्पट आणि उंचीत दुप्पट असे विभागलेले आहेत, म्हणून चित्र फार तर दुप्पट मोठे करता येते. फोकसला दोष देण्यापूर्वी क्लिपचा Scale आकडा पाहावा. पूर्ण चौकट बसलेली असताना तो 50 असायला हवा. तो 100 दिसत असेल तर क्लिपवर Scale to Frame Size लावले गेले आहे, म्हणजे चित्र आधीच १०८० चे करून मग ताणले जात आहे. ते काढून Set to Frame Size निवडावे.

मात्र खरी मर्यादा पुढे आहे. आपल्या चौकटीत मध्यरेषेवर साधारण किती मीटर रुंदी मावते?

पांदणवाट: रिंगण आणि दोन्ही बाजूंचे प्रेक्षक धरून सुमारे बारा मीटर. आकडा खरोखरच 100 होता. तो बदलल्यावर चित्र स्वच्छ झाले.

बोरधरण: मग हिशेब मांडू. ३८४० पिक्सेलमध्ये बारा मीटर, म्हणजे मीटरला ३२०. पूर्ण दर्जा राखून जी चौकट कापता येईल ती सहा मीटर रुंद आणि सव्वातीन मीटरहून थोडी अधिक उंच असेल, आणि तीत साडेपाच फुटांची कलावंत चौकटीच्या निम्म्या उंचीची दिसेल. याला कोणी क्लोजअप म्हणणार नाही. मोबाइलवरच पाहायचे असेल तर चार मीटर रुंदीपर्यंत जाता येते, परंतु कमरेवरचे दृश्य हवे असेल तर पावणेचारपट ताणावे लागेल आणि चेहऱ्याचे पिठले होईल. म्हणून या चित्रणातून दोघा-तिघांचे गट काढावेत आणि चेहऱ्यांचा मोह सोडावा.

पारावरचा: माझा मूळ कल्पनेलाच विरोध आहे. पथनाट्याचे रिंगण प्रेक्षकांसह पूर्ण होते. सावकार वही उघडतो तेव्हा मागच्या रांगेतला म्हातारा पागोटे सावरत खाली पाहतो, हे रुंद चौकटीतच दिसते. आपण कापलेली चौकट नेमके तेच गाळणार. शिवाय कॅमेरा जागचा हललेलाच नाही, तेव्हा याला कोन म्हणणेच चुकीचे आहे.

बोरधरण: शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पाहण्याची जागा एकच असल्याने पात्रामागे दिसणारे झाड दोन्ही चौकटींत त्याच बाजूला राहते, आणि म्हणूनच बारा मीटरवरून नऊवर उडी घेतली तर झटका बसल्यासारखे वाटते. सहावर घेतली तर डोळा ती स्वीकारतो. कट पात्र वळताना किंवा डफावर थाप पडताना घ्यावा. कापलेली चौकट हळूहळू सरकवणे मात्र टाळावे, कारण पुढचे-मागचे सगळे एकाच वेगाने सरकते आणि छायाचित्रावरून भिंग फिरवल्यासारखे दिसते.

धानपट्टा: आम्ही गोंदियाकडे रात्रीच्या दंडारीचे चित्रण मोबाइलवर १०८० मध्ये केले होते. मोठे करताच अंधारात दाणे दिसू लागले. आपणही प्रकाश वाढवून पाहावा.

पांदणवाट: आमचा प्रयोग भर दुपारचा होता, त्यामुळे ती अडचण नाही. दुसरी आहे: अकराव्या मिनिटाला पोरे ट्रॉलीवर चढली. पूर्ण चौकटीत तो हादरा जाणवत नाही, कापलेल्या चौकटीत मात्र सगळे रिंगण डुलते.

बोरधरण: चित्र दुप्पट झाले की हादराही दुप्पट होतो. तेवढा भाग रुंदच ठेवावा. आवाजाचे काय केले?

पांदणवाट: माइक कॅमेऱ्यावरच होता. गट जवळ आला तरी संवाद लांबूनच येतात.

पारावरचा: हाच माझा आक्षेप आहे. डोळ्याला जवळ नेले आणि कानाला ट्रॉलीवरच ठेवले.

बोरधरण: सहा मीटरच्या चौकटीत ते फारसे खटकत नाही, चारमध्ये खटकते.

पांदणवाट: एकूण नऊ ठिकाणी कापायचे ठरवले होते. शेवटच्या प्रसंगात आई सातबारा परत मागते तेव्हा तिची पाठ कॅमेऱ्याकडे आहे. तिथे कितीही मोठे केले तरी पाठच मोठी होते, म्हणून तो प्रसंग रुंदच राहील.

पारावरचा: उरलेले आठही तसेच ठेवले असते तर मला अधिक आवडले असते.