अनुभव धागा: काळ्या पट्ट्या, सिनेमास्कोप लूक आणि कापलेली डोकी

१६:९ मध्ये शूट केलेल्या व्हिडिओला वर-खाली काळ्या पट्ट्या लावून रुंद पडद्याचा लूक बरेच जण देतात. १९२०×१०८० च्या फ्रेममध्ये २.३९ चं प्रमाण हवं असेल तर ८०४ पिक्सेल उंची उरते, म्हणजे वर १३८ आणि खाली १३८ झाकले जातात. चित्राचा चौथा हिस्सा गेला! कुठे जमलं, कुठे फसलं, हे सविस्तर लिहा. 'भारी दिसतं' एवढंच नको.

तिपाई

माझ्याकडे एडिटिंगला आलेलं एक उदाहरण सांगतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची मुलाखत होती. कॅमेरा तिपाईवर स्थिर, वर चेहरा, खाली टेबलावर हात. केसांची वरची कड वरून ७० पिक्सेलवर आणि बोटांची खालची कड ९७० वर. म्हणजे ९०० पिक्सेलचा मजकूर, जागा ८०४. शूट करणाऱ्याने १६:९ साठी फ्रेम अगदी नीट लावली होती, त्याचा काहीच दोष नाही. २.३९ ची मागणी नंतर आली.

पट्ट्या मधोमध ठेवल्या तर वरून केस जातात आणि खालून बोटं, आणि बोटांतच तर सगळं काम चाललेलं. म्हणून पट्ट्या तशाच ठेवून त्यांच्यामागचं चित्र सरकवलं: बोलताना चेहऱ्याकडे, काम करताना हातांकडे. एकाच शॉटमध्ये हे दोन तुकडे सलग ठेवले की चित्र उडी मारतं, म्हणून मध्ये घड्याळाच्या चाकांचे क्लोजअप टाकले. इथवर जमलं.

अडलं ते एका जागी. ते काम करता करता मान वर करून एक वाक्य बोलतात आणि हात चालूच असतात. तिथे दोन्ही एकत्र दिसायलाच हवेत. चित्र लहान करून ८९ टक्क्यांवर आणलं तर उंची बसते, पण दोन्ही बाजूंना शंभरेक पिक्सेल काळे उरतात. शेवटी अख्खी फिल्म २:१ केली. उंची ९६०, पट्ट्या साठ-साठच्या. रुंदपणा जाणवतो आणि ९०० आरामात मावतात. फक्त तेवढ्याच शॉटला पट्ट्या बारीक केल्या असत्या तर ऐन वाक्याच्या वेळी लक्ष पट्ट्यांकडे गेलं असतं.

रंगीतपट

एवढा खटाटोप कशाला? ४के मध्ये शूट करायचं आणि १०८० च्या टाइमलाइनवर टाकायचं. हवं तसं सरकवा, काही कापलं जात नाही.

तिपाई

सरकवता येतं, झूमही करता येतं, हे खरं. पण ४के ची फ्रेमही बहुतेक वेळा १६:९ च असते. पूर्ण रुंदी ठेवली की उंचीचा तोच चौथा हिस्सा जातो. सेन्सरची पूर्ण ३:२ फ्रेम मिळणारा कॅमेरा असेल तर वर-खाली सरकायला जास्त वाव मिळतो, पण खिडकी तेवढीच. उंच गोष्ट त्यानेही मावत नाही.

आजीचा_रिमोट

आमच्या टीव्हीवर सिनेमा लावला की या पट्ट्या येतात. मुलाने रिमोटवरचं झूम दाबून घालवल्या, तर आता दोघं बोलत असली की कडेचा माणूस अर्धाच दिसतो. पट्ट्या कायमच्या कशा काढायच्या?

खिडकी२३९

आजी, धागा पट्ट्या लावण्याबद्दल आहे :) पण तुमचं निरीक्षण अचूक. पट्ट्या घालवायला झूम केलं की दोन्ही बाजू कापल्या जातात. झूम बंद करा, पट्ट्या राहू द्या.

माझा अनुभव: पट्ट्या चित्रात भाजू नका, फाइलच ८०४ उंचीची काढा, बाकी काळं प्लेअर भरतो. भाजलेल्या पट्ट्यांचा व्हिडिओ लांबट फोनवर चारही बाजूंनी काळा दिसतो. चेहरे वर असलेल्या शॉटसाठी मी हे वापरते:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "crop=1920:804:0:60" -c:a copy out.mp4
```

शेवटचा आकडा म्हणजे वरून किती सोडायचं. १३८ दिला की मधोमध.

सबटायटलवाला

असहमत. मी भाजतोच. खालच्या पट्टीत सबटायटल बसतात, चित्रावर अक्षरं येत नाहीत. ८०४ च्या फाइलमध्ये ती हनुवटीवर चढतात.

खिडकी२३९

सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये द्या की. काही प्लेअर ती काळ्या भागात दाखवतात.

सबटायटलवाला

'काही' हीच तर अडचण आहे.

मूकपट

शूटच्या वेळीच कॅमेऱ्यात २.३९ च्या फ्रेम गाइड लावून ठेवते. गाइड नसतील तर स्क्रीनवर कागदी चिकटपट्टी, पण मोजून. क्लोजअपमध्ये कपाळ थोडं कापलं तर खटकत नाही, हनुवटी कापली की लगेच खटकतं, म्हणून मी खालची रेघ आधी बघते. एक उभा आणि एक बसलेला असा शॉट असेल तर कॅमेरा मागे नेते. मग दोघांच्या बाजूला मोकळी जागा खूप उरते आणि ती कशाने भरायची हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. कुणी दार, खांब वगैरे वापरून बघितलंय का?